गॅस कटिंगच्या ऑक्सिजन आणि ॲसिटिलीन सिलिंडरांची साठवण, हाताळणी, वाहतूक आणि गळती : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही माहिती कोणत्या सिलिंडरांबद्दल आहे?

फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये, गॅरेजमध्ये किंवा भंगार कापण्याच्या जागेवर एका ट्रॉलीवर जोडीने उभे असलेले दोन सिलिंडर, म्हणजे काळा ऑक्सिजनचा आणि तपकिरीकडे झुकणाऱ्या गडद लाल रंगाचा ॲसिटिलीनचा, या जोडीबद्दल ही माहिती आहे. कामगार या सिलिंडरांना बाटला म्हणतात आणि ॲसिटिलीनच्या बाटल्याला नुसते ‘डीए’ म्हणतात. स्वयंपाकाचा गॅस, क्लोरीन किंवा अमोनिया यांच्या गळतीची पद्धत वेगळी असते, त्यामुळे इथले सगळेच नियम तिकडे लागू करू नयेत.

दोन्ही सिलिंडर लोखंडाचेच आहेत, मग दोघांना वेगळे नियम कशासाठी?

दोघांच्या आत घडणारी गोष्ट पूर्णपणे वेगळी आहे म्हणून. ऑक्सिजनच्या सिलिंडरात फक्त दाबलेला वायू असतो. भरलेल्या सिलिंडरात दर चौरस सेंटीमीटरवर सुमारे 150 किलो इतका दाब असतो आणि नेहमीच्या मोठ्या सिलिंडरात साधारण 7 घनमीटर वायू मावतो. ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण इतर वस्तूंना असा जाळतो की नेहमीच्या हवेत जेमतेम धुमसणारा कपडा त्याच्या सान्निध्यात भडकून उठतो.

ॲसिटिलीनचे तसे नाही. हा वायू मोकळ्या स्थितीत दाबला तर हवा किंवा ऑक्सिजन अजिबात नसतानाही त्याचे कार्बन आणि हायड्रोजन असे विघटन होऊ शकते, आणि त्या विघटनातून इतकी उष्णता बाहेर पडते की उरलेल्या वायूचेही विघटन सुरू होते. म्हणून त्याच्या सिलिंडरात स्पंजासारखा सच्छिद्र घट्ट पदार्थ भरलेला असतो, त्या पदार्थात ॲसिटोन नावाचा द्रव मुरवलेला असतो आणि ॲसिटिलीन त्या ॲसिटोनमध्ये विरघळवलेला असतो. ‘डीए’ या नावातील ‘डी’ विरघळवलेला या अर्थाच्या शब्दाचा आहे. सच्छिद्र पदार्थाची बारीक छिद्रे विघटनाला एका जागी अडवून धरतात. सिलिंडरातून बाहेर आल्यावर मात्र हे संरक्षण उरत नाही, त्यामुळे नळीतला दाब दर चौरस सेंटीमीटरला 1 किलोच्या वर कधीही नेऊ नये. कटिंगला त्याहून बराच कमी दाब पुरतो. दाब वाढवून ज्योत सुधारत नसेल तर नोझल तपासावे, रेग्युलेटरची चावी आणखी आवळू नये.

पुढच्या जवळजवळ प्रत्येक उत्तरामागे हाच फरक आहे. ऑक्सिजनच्या बाबतीत तेल, कोंडलेली जागा आणि तुटलेला व्हॉल्व्ह यांची भीती बाळगायची असते. ॲसिटिलीनच्या बाबतीत गळती, आडवी स्थिती आणि उष्णता यांची.

रंग उडालेला असेल तर सिलिंडर कसा ओळखावा?

रंग ही ओळखीची पहिली खूण आहे, पण एकमेव नव्हे. सिलिंडरच्या खांद्यावर वायूचे नाव आणि तपासणीच्या तारखा कोरलेल्या असतात, त्या वाचाव्यात. ॲसिटिलीनच्या बाजूचे आटे उलटे, म्हणजे डावीकडे फिरवून आवळायचे असतात आणि त्याच्या नटावर खाचा असतात. ऑक्सिजनचे आटे सुलटे असतात. ॲसिटिलीनची नळी लाल असते आणि ऑक्सिजनची निळी. नाव वाचता येत नसेल असा सिलिंडर अंदाजाने वापरू नये, पुरवठादाराला परत करावा. सिलिंडर स्वतः रंगवून ‘नवा’ करणे नियमबाह्य आहे आणि पुढच्या माणसाच्या जिवाशी केलेली गंभीर फसवणूकही आहे.

साठवण कुठे आणि कशी करावी?

जागा तळमजल्यावर, कोरडी, वरून आणि खालून हवा खेळणारी आणि थेट उन्हापासून आडोसा असलेली हवी. तळघर, जिन्याखालचा कोपरा, विजेच्या पॅनलची खोली किंवा बाहेर पडण्याचा एकमेव मार्ग ही जागा कधीच होऊ नये. दोन्ही प्रकारचे सिलिंडर उभे ठेवून कमरेच्या वर साखळीने भिंतीला किंवा लोखंडी चौकटीला बांधावेत. पन्नास किलोहून अधिक वजनाचा उंच, निमुळता सिलिंडर धक्का लागला की सहज कलंडतो. तो कलंडताना दगडावर किंवा बीमवर आपटून ऑक्सिजनचा व्हॉल्व्ह मुळापासून तुटला, तर 150 किलोचा दाब एका बोटभर भोकातून बाहेर पडतो आणि सिलिंडर वाट फुटेल तिकडे झेपावतो. म्हणून वापरात नसताना व्हॉल्व्हवरची टोपी बसवलेली असणे हे साखळीइतकेच महत्त्वाचे आहे.

साठ्यातला ऑक्सिजन आणि साठ्यातला ॲसिटिलीन एकमेकांपासून वेगळे ठेवावेत. सर्वत्र मान्य असलेले माप असे आहे की दोघांमध्ये किमान 6 मीटर अंतर असावे, किंवा अर्धा तास आगीला दाद न देणारी, किमान दीड मीटर उंचीची पक्की भिंत असावी. वीटबांधकामाची साधी भिंत ही गरज भागवते, पत्रा भागवत नाही. लहान शेडमध्ये 6 मीटर मिळत नाहीत ही तक्रार मी वारंवार ऐकतो आणि ती खरीही असते. अशा वेळी भिंत बांधणे हाच मार्ग आहे. ट्रॉलीवर कामासाठी जोडलेली एक जोडी या नियमातून सुटते, कारण ती साठा नसून वापरातले साधन आहे. मात्र सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी ती ट्रॉलीही व्हॉल्व्ह बंद करून, रेग्युलेटर काढून जागेवर गेली पाहिजे.

भरलेले आणि रिकामे वेगळे ठेवून त्यांवर ठळक पाटी लावावी. ठरावीक संख्येच्या वर साठा ठेवायचा असेल तर गॅस सिलिंडर नियम, 2016 प्रमाणे परवाना लागतो. हा परवाना देणाऱ्या पेट्रोलियम आणि विस्फोटक सुरक्षा संघटनेचे मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. आपल्या साठ्याला परवाना लागतो का, हे साठा वाढवण्याआधी पुरवठादाराकडून लेखी विचारून घ्यावे.

मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली सिलिंडर तापला तर तो फुटतो का?

उन्हाने तापलेला चांगल्या स्थितीतला ऑक्सिजन सिलिंडर केवळ त्या कारणाने फुटत नाही. हिशेब सोपा आहे. 30 अंश सेल्सिअसला 150 किलो दाब असलेला सिलिंडर 50 अंशांवर गेला तर दाब साधारण 160 किलोपर्यंत पोहोचतो, आणि सिलिंडर त्याहून बऱ्याच जास्त दाबावर तपासलेला असतो. ॲसिटिलीनच्या सिलिंडरात मात्र तापमानाबरोबर दाब अधिक वेगाने वाढतो, कारण गरम ॲसिटोनमध्ये वायू कमी विरघळतो आणि मोकळा होऊ लागतो. त्याच्या बहुतेक सिलिंडरांवर सुमारे 100 अंशांना वितळणारा मिश्रधातूचा प्लग असतो. तो वितळला की वायू बाहेर पडतो आणि सहसा पेट घेतो. म्हणून 50 अंशांची मर्यादा पाळावी, सावली द्यावी आणि भट्टी, गरम पाइप, वेल्डिंगच्या ठिणग्या यांपासून दूर ठेवावे. थंडीत सिलिंडर ज्योतीने किंवा गरम पाण्याच्या माऱ्याने ‘उठवू’ नये.

ॲसिटिलीनचा सिलिंडर आडवा का ठेवायचा नाही?

आडव्या सिलिंडरातून वायूबरोबर द्रव ॲसिटोनही व्हॉल्व्हकडे येतो. तो रेग्युलेटर आणि नळीचे रबर खराब करतो आणि सिलिंडरात ॲसिटोन कमी झाला की वायूला विरघळायला जागा उरत नाही, म्हणजे सिलिंडरची मूळ सुरक्षाच कमी होते. टेम्पोतून आडवा आलेला सिलिंडर उभा करून किमान काही तास तसाच ठेवावा आणि मगच जोडावा. आमच्या भागात आदल्या संध्याकाळी आलेला सिलिंडर दुसऱ्या सकाळीच जोडण्याची शिस्त आहे, आणि ती सोपी असल्यामुळे टिकते.

एका सिलिंडरातून किती वेगाने ॲसिटिलीन घेता येतो?

एका तासात सिलिंडरातल्या एकूण वायूच्या दहाव्या भागापेक्षा अधिक घेऊ नये, सलग काम असेल तर त्याहूनही कमी घ्यावा. 6 घनमीटरच्या भरलेल्या सिलिंडरातून याचा अर्थ तासाला सुमारे 600 लिटर. मध्यम जाडीची प्लेट कापणारे नोझल या मर्यादेत चालते. जाड शाफ्ट तापवण्याचे अनेक छिद्रांचे नोझल मात्र हजार लिटरांच्या पुढे जाते, आणि तेव्हा एकट्या सिलिंडरातून ॲसिटोन ओढला जातो. अशा कामाला दोन-तीन सिलिंडर योग्य मॅनिफोल्डवर जोडावे लागतात. सिलिंडर निम्मा झाला की ही मर्यादाही निम्मी होते, हे बहुतेकांच्या लक्षात राहत नाही.

रेग्युलेटर जोडताना कोणता क्रम पाळावा?

आधी हात आणि हातमोजे पाहावेत. तेल, ग्रीस किंवा डिझेल लागलेला हात ऑक्सिजनच्या व्हॉल्व्हला लावायचा नाही, आणि घट्ट बसलेला आटा सैल करण्यासाठी त्यावर तेलाचा थेंबही सोडायचा नाही. दाबाखालचा ऑक्सिजन अचानक सोडला की रेग्युलेटरच्या तोंडाशी तो दाबला जाऊन क्षणभर खूप तापतो. तिथे तेलाचा पुसट थर जरी असला तरी त्या तापाने तो पेटतो, आणि मग ऑक्सिजनमध्ये पितळ आणि लोखंडही जळते. टेफ्लॉनच्या टेपने किंवा घरी कापलेल्या रबराच्या वॉशरने गळती थोपवण्याचा प्रयत्नही याच कारणाने करू नये.

टोपी काढल्यावर ऑक्सिजनचा व्हॉल्व्ह क्षणभर किंचित उघडून बंद करावा, म्हणजे तोंडातली धूळ निघून जाते. हे करताना तोंडासमोर कोणी उभे नसावे. ॲसिटिलीनसाठी हे करायचे असेल तर जवळपास कुठेही ज्योत, ठिणगी किंवा चालू ग्राइंडर नाही याची खात्री करूनच, मोकळ्या हवेत करावे. त्यानंतर रेग्युलेटर बसवावा, त्याचा दाब वाढवणारा स्क्रू पूर्ण सैल आहे हे पाहावे, बाजूला उभे राहावे आणि व्हॉल्व्ह सावकाश उघडावा. ऑक्सिजनचा व्हॉल्व्ह पुढे पूर्ण उघडतात, पण ॲसिटिलीनचा जेमतेम एक ते दीड फेरा उघडावा आणि त्याची चावी व्हॉल्व्हवरच ठेवावी. संकटात तो बंद करायला लागणारे दोन सेकंद चावी शोधण्यात जाऊ नयेत.

दोन्ही रेग्युलेटरांवर ज्योत परतू न देणारा फ्लॅशबॅक अरेस्टर आणि कटरच्या टोकाला वायू एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह असावा. ॲसिटिलीनच्या जोडणीत तांब्याचा तुकडा कधीही वापरू नये. त्याचा तांब्याशी संयोग होऊन धक्क्याने फुटणारे संयुग तयार होते. पितळेतही तांब्याचे प्रमाण 65 टक्क्यांच्या आसपास मर्यादित ठेवलेले असते, म्हणून जोडण्या फक्त त्यासाठी बनवलेल्याच घ्याव्यात.

टाकीच्या आत काम करताना नळी आतच ठेवून जेवायला गेलो तर काय बिघडते?

ही एकच सवय मला इतर सगळ्या चुकांपेक्षा जास्त घाबरवते, म्हणून आकड्यांनी सांगतो. समजा, आतून 20 घनमीटरची टाकी आहे आणि कटरच्या व्हॉल्व्हमधून मिनिटाला 5 लिटर गळती आहे. एवढी गळती आवाजाच्या शेडमध्ये ऐकूही येत नाही.

गळणारा वायू ॲसिटिलीन असेल, तर हवेतील त्याचे प्रमाण 2.5 टक्के झाले की ते मिश्रण पेट घेऊ शकते. 20 घनमीटरचे 2.5 टक्के म्हणजे अर्धा घनमीटर, अर्थात 500 लिटर. मिनिटाला 5 लिटरने ते 100 मिनिटांत भरतात. म्हणजे दुपारची सुट्टी थोडी लांबली तर टाकीतली सरासरी हवासुद्धा पेटण्याजोगी होते, आणि नळीच्या टोकाजवळ तर ती त्याच्या कितीतरी आधी तशी झालेली असते.

गळणारा वायू ऑक्सिजन असेल आणि नळी रात्रभर, समजा 12 तास, आत राहिली, तर 3600 लिटर ऑक्सिजन टाकीत जातो. थोडी हवा बाहेर ढकलली जाते असे धरले तरी सकाळी आतल्या हवेत ऑक्सिजनचे प्रमाण 21 टक्क्यांवरून साधारण 34 टक्क्यांवर जाते. 23.5 टक्क्यांच्या वर गेलेली हवा धोकादायक समजली जाते. 34 टक्क्यांच्या हवेत शिरलेल्या माणसाला काहीही वेगळे जाणवत नाही; वास नाही, रंग नाही, उलट बरे वाटते. पण तो पहिली ठिणगी पाडतो तेव्हा त्याचे सुती कपडे आणि केस पेट घेतात आणि हाताने विझत नाहीत.

म्हणून कितीही छोटी सुट्टी असो, कटर आणि नळ्या टाकीबाहेर काढाव्यात आणि सिलिंडरचे व्हॉल्व्ह बंद करावेत. सिलिंडर तर टाकीच्या आत कधीच नेऊ नयेत. पुन्हा शिरण्याआधी पंख्याने बाहेरची हवा खेळवावी आणि ऑक्सिजन मोजणाऱ्या यंत्राने प्रमाण पाहावे. आत घाम येतो म्हणून ऑक्सिजनची नळी ‘वाऱ्यासाठी’ सोडणे, किंवा तिने कपड्यांवरची धूळ उडवणे, यामुळे माणसे जळाली आहेत.

वाहतूक करताना कोणते नियम पाळावेत?

मोटारसायकलवर, स्कूटरवर किंवा सायकलवर भरलेला सिलिंडर नेणे नियमांनुसार मनाई आहे, अंतर दोन चौकांचे असले तरी. टेम्पोतून किंवा ट्रकमधून नेताना सिलिंडर वाहनाच्या बाजूंच्या किंवा मागच्या टोकाच्या बाहेर डोकावू नयेत, टोप्या बसवलेल्या असाव्यात, रेग्युलेटर काढलेले असावेत आणि सिलिंडर घरंगळणार नाहीत असे बांधलेले असावेत. ज्वालाग्राही वायूचे सिलिंडर इतर प्रकारच्या सिलिंडरांबरोबर एकाच फेरीत नेऊ नयेत, म्हणजे ॲसिटिलीन आणि ऑक्सिजन यांच्या फेऱ्या वेगळ्या कराव्यात. वाहतुकीत एकत्र ठेवून वाचणाऱ्या भाड्याची किंमत दोन्ही एकत्र गळले तर काय होते याच्या तुलनेत नगण्य आहे.

बंद डिक्कीच्या गाडीतून किंवा व्हॅनमधून ॲसिटिलीन नेऊ नये. किंचित गळती आणि गाडीच्या कुलपाची किंवा दिव्याची एक ठिणगी, एवढे पुरते. उतरवताना हमालांना टेम्पोच्या फळीवरून सिलिंडर खाली सोडण्याची सवय असते. त्यासाठी जुना टायर टाकणे पुरेसे नाही. उतरवण्यासाठी फळीची उतार किंवा लिफ्ट आणि दोन माणसे हवीत. शेडमध्ये सिलिंडर ट्रॉलीनेच हलवावा. तो तळाच्या कडेवर तिरपा करून गोल फिरवत नेणे थोड्या अंतरापुरते चालते, पण जमिनीवर आडवा लोळवत नेऊ नये. चुंबकाने किंवा व्हॉल्व्हला दोरी बांधून उचलू नये.

गळती आहे हे कसे ओळखावे?

ॲसिटिलीनला कच्च्या लसणाची आठवण करून देणारा उग्र वास असतो, आणि तो वास बहुतेक वेळा धोक्याच्या प्रमाणाच्या बऱ्याच आधी नाकाला कळतो. पण नाक काही मिनिटांत त्या वासाला सरावते, म्हणून बाहेरून आलेल्या माणसाला वास येत असेल तर त्याचे म्हणणे लगेच मानावे. ऑक्सिजनला वास नाही. रात्री कटरचे व्हॉल्व्ह बंद करून मग सिलिंडरचा व्हॉल्व्हही बंद करावा आणि त्या वेळी रेग्युलेटरचा काटा किती होता हे लिहून ठेवावे. काही मिनिटांत तो खाली सरकला, तर गळती त्या जोडणीत आहे हे कळते.

जागा शोधण्यासाठी तेलविरहित द्रव डिटर्जंटचे पाणी ब्रशने लावावे आणि बुडबुडे पाहावेत. ऑक्सिजनच्या जोडणीवर तेलकट साबण वापरू नये. आधी व्हॉल्व्हच्या दांड्याभोवतीचा नट, मग रेग्युलेटरची जोडणी, मग नळीची दोन्ही टोके आणि शेवटी नळीची पूर्ण लांबी पाहावी. नळीच्या जुन्या घडीत, चाकाखाली दबलेल्या जागी आणि ठिणग्यांनी भाजलेल्या भागात गळती जास्त सापडते. काडी पेटवून तपासण्याची पद्धत आजही दिसते. ती तातडीने थांबवावी.

सकाळी शेड उघडताच लसणासारखा वास आला. काय करावे?

दार उघडे ठेवावे, पण दिव्याचे बटण दाबू नये; पंखा लावू नये आणि आधीच चालू असलेला बंदही करू नये, कारण बटणाच्या आतली ठिणगी दोन्ही वेळा पडते. मोबाइल वापरायचा असेल तर शेडपासून दूर जाऊन वापरावा. इतरांना बाहेर ठेवावे आणि खिडक्या बाहेरून उघडता येत असतील तर उघडाव्यात. ॲसिटिलीन हवेपेक्षा थोडा हलका असल्याने तो छताशी साचतो, म्हणून वरच्या झरोक्यांतून हवा जाणे महत्त्वाचे असते. ज्या शेडमध्ये कटिंगला एलपीजी वापरतात तिथे उलट असते. तो जड असल्याने खड्ड्यांत आणि गटारात उतरतो.

हवा खेळू द्यावी. वास ओसरल्यावर, किंवा गॅस मोजणारे यंत्र पेटण्याच्या मर्यादेपेक्षा बरेच खालचे प्रमाण दाखवत असेल तरच, एकाने आत जाऊन सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करावा. व्हॉल्व्ह बंद केल्यावर गळती थांबली, तर दोष पुढच्या जोडणीत होता आणि तिथली जोडणी बाहेर मोकळ्या जागेत दुरुस्त करता येईल.

व्हॉल्व्ह उघडा असताना दांड्याभोवतीच्या नटातून गळती असेल तर तीही व्हॉल्व्ह बंद झाला की सहसा थांबते. नट बंद स्थितीत हलक्या हाताने आवळून पाहावा आणि जोर लावू नये. व्हॉल्व्ह पूर्ण बंद करूनही वायू येत असेल, किंवा वितळणाऱ्या प्लगच्या जागेतून गळत असेल, तर ती गळती शेडमध्ये थांबवण्याचा प्रयत्नच करू नये. सिलिंडर थंड आहे आणि कुठेही ज्योत नाही अशी खात्री झाल्यावर त्याला ट्रॉलीवर उभा ठेवून मोकळ्या जागी न्यावे. ती जागा इमारती, गटारे, वाहने आणि विजेच्या वस्तू यांपासून दूर असावी. तिथे वाऱ्याच्या वरच्या बाजूने दोरी बांधून, ‘धूम्रपान व ज्योत मना’ अशी पाटी लावून सिलिंडर गळू द्यावा आणि पुरवठादाराला कळवावे. सिलिंडरवर गळतीची जागा खडूने लिहून ठेवावी, म्हणजे घेऊन जाणाऱ्याला पुन्हा शोधावे लागत नाही. हलवणे धोक्याचे वाटत असेल तर हलवू नये, सर्वांना बाहेर काढून अग्निशमन दलाला 101 किंवा 112 वर बोलवावे. औद्योगिक वसाहतीत असाल तर वसाहतीच्या अग्निशमन केंद्राचा क्रमांक दारावर आधीच लिहिलेला असावा.

गळणाऱ्या ॲसिटिलीनने पेट घेतला तर आधी आग विझवावी का?

नाही. आधी वायू बंद करावा. व्हॉल्व्हपर्यंत सुरक्षित पोहोचता येत असेल आणि ज्योत नुकतीच लागली असेल, तर ओला जाड हातमोजा घालून व्हॉल्व्ह बंद करावा. वायू थांबला की ज्योत आपोआप जाते. व्हॉल्व्ह बंद करता येत नसेल तर पावडरच्या नळकांड्याने ज्योत विझवू नये. ज्योत गेली तरी वायू चालू राहतो, तो शेडभर साचतो आणि कुठल्यातरी तापलेल्या लोखंडावर पुन्हा पेटतो. तेव्हा पेटतो तो सगळा एकदम. अशा वेळी माणसे दूर करावीत, शक्य असेल तर आडोशामागून लांबून पाण्याचा मारा सुरू ठेवून आजूबाजूच्या वस्तू आणि सिलिंडर थंड ठेवावेत आणि अग्निशमन दलाची वाट पाहावी.

कटर ‘फट’ करून विझतो किंवा आतून शिट्टी वाजते, याचा अर्थ काय?

एकदाच ‘फट’ होऊन ज्योत विझली तर बहुतेकदा नोझल प्लेटला टेकलेले, तापलेले किंवा घाण झालेले असते. कटर बंद करून, नोझल गार आणि साफ करून काम पुढे करता येते. पण आत सतत शिट्टीसारखा आवाज येत असेल, कटरची मूठ तापत असेल आणि काळा धूर निघत असेल, तर ज्योत कटरच्या आत जळत आहे. तेव्हा कटरचा ऑक्सिजन आधी बंद करावा, लगेच ॲसिटिलीन, आणि मग दोन्ही सिलिंडरांचे व्हॉल्व्ह.

यानंतर ॲसिटिलीनचा सिलिंडर तपासणे हा टप्पा बहुतेक जण गाळतात. ज्योत नळीतून सिलिंडरात शिरली असेल, तर आत विघटन सुरू झालेले असू शकते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. बाहेरून आगीचा संपर्क आलेला नसेल आणि व्हॉल्व्ह बंद झाला असेल, तर सिलिंडरच्या वरच्या भागाला क्षणभर हात लावून पाहावा. तो गार असेल तर अर्ध्या तासात दोन-तीनदा पुन्हा पाहावे. कोमट जरी लागला, किंवा हात लावण्याआधीच रंग फुगताना दिसला, तर तिथून पुढे कोणीही त्याला हलवू नये, उघडू नये, ट्रॉलीवर चढवू नये. सगळ्यांना दूर काढावे. अग्निशमन दलाला फोनवरच सांगावे की सिलिंडर ॲसिटिलीनचा आहे आणि तो आतून तापत आहे. येणारे पथक त्यावरूनच किती अंतर मोकळे करायचे ते ठरवते. ब्रिटनच्या अग्निशमन दलांनी अशा प्रसंगी 200 मीटरपर्यंत परिसर मोकळा करण्याची, सिलिंडर एक तास पाण्याने थंड करण्याची आणि पुढचा एक तास ठरावीक वेळाने तो पुन्हा तापतो का ते पाहण्याची पद्धत ठरवली आहे. लांबून पाणी मारल्यावर ओला डाग पटकन वाळला किंवा वाफ निघाली तर सिलिंडर अजून तापलेला आहे असे समजतात. आगीत सापडलेल्या सिलिंडरला मात्र हात लावून पाहण्याचा विचारही करू नये.

ऑक्सिजनच्या गळतीत कपड्यांवर ऑक्सिजन ‘साचतो’, हे खरे आहे का?

हो. कापड, केस आणि चामड्यात तो अडकून राहतो. ऑक्सिजनच्या दाट हवेतून बाहेर आल्यावर किमान 15 मिनिटे मोकळ्या हवेत, ज्योत आणि ठिणगीपासून दूर थांबावे, कपडे झटकून सैल करावेत आणि या वेळेत बिडी-सिगारेट अजिबात पेटवू नये.

रिकामा सिलिंडर निष्काळजीपणे ठेवला तर चालतो का?

रिकामा म्हटलेल्या सिलिंडरात थोडा दाब उरलेलाच असतो आणि उरलेला असावाही. पूर्ण संपेपर्यंत वापरला तर बाहेरची हवा किंवा दुसऱ्या नळीतला वायू आत शिरू शकतो. काटा दर चौरस सेंटीमीटरला 1-2 किलोवर आला की थांबावे, व्हॉल्व्ह बंद करावा, टोपी बसवावी आणि खडूने ‘रिकामा’ लिहावे. ॲसिटिलीनच्या रिकाम्या सिलिंडरात ॲसिटोन आणि विरघळलेला थोडा वायू कायम असतो, त्यामुळे तो उन्हात तापला की पुन्हा दाब दाखवतो. असा सिलिंडर बेंच, ऐरण किंवा रोलर म्हणून वापरू नये आणि भंगारवाल्याला कापायला देऊ नये. त्याची विल्हेवाट फक्त पुरवठादारामार्फतच लावावी.

शेडला आग लागली आणि सिलिंडर आत आहेत. अग्निशमन दलाला काय सांगावे?

किती सिलिंडर आहेत, त्यांत ॲसिटिलीनचे किती आणि ते शेडच्या कोणत्या कोपऱ्यात आहेत, एवढे तीन तपशील सर्वांत आधी सांगावेत. हे सांगता यावे म्हणून शेडच्या मुख्य दाराबाहेर साठ्याच्या जागेचा साधा नकाशा आणि रोजची संख्या लिहिलेला फळा लावावा. रात्री पहारेकरी एकटाच असतो आणि त्याला सिलिंडर नेमके कुठे आहेत हे माहीत असेलच असे नाही. फळा वाचून तो फोनवर उत्तर देऊ शकतो.